रंगात थोडा फरक पडू शकतो

ऑनलाइन साड्या विकणाऱ्या दुकानांत वस्तूच्या वर्णनाखाली बारीक अक्षरांत एक वाक्य हमखास सापडते: छायाचित्रण आणि स्क्रीन यांमुळे प्रत्यक्ष वस्तूच्या रंगात थोडा फरक पडू शकतो. वाक्य साधे आहे आणि मुळात खरेही आहे. प्रत्येकाच्या फोनचा पडदा वेगळा, ही अडचण कोणत्याही विक्रेत्याच्या हातात नाही. पण आज हे वाक्य कबुली म्हणून छापले जात नाही, परवाना म्हणून छापले जाते. एकदा ते टाकले की वांगी रंगाची साडी गुलाबी दाखवता येते, पॉलिस्टरला रेशमाची झळाळी देता येते आणि ढगळ शिवलेली नऊवारी मागून चिमटे लावून अंगाबरोबर बसवता येते. ग्राहकाने तक्रार केली की बोट त्या बारीक अक्षरांकडे दाखवायचे.

ग्राहकाची फसवणूक हा यातला अर्धा भाग आहे, आणि त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्हाला धोक्याची घंटा वाजवायची आहे ती दुसऱ्या अर्ध्या भागासाठी. येवल्यातल्या किंवा पैठणमधल्या हातमागावर महिना-दोन महिने खपून विणलेली पैठणी आणि यंत्रमागावर झरझर निघालेली तिची नक्कल, या दोघींत जो काही फरक आहे, तो नेमका आजच्या कॅटलॉगच्या छायाचित्रात पुसला जातो. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर सारखे दिसतात. कधी नक्कलच अधिक देखणी दिसते. मग काही हजारांची साडी समोर असताना पंचवीस-तीस हजारांची का घ्यावी, हा ग्राहकाचा प्रश्न अगदी रास्त ठरतो. जो फरक डोळ्यांना दाखवलाच नाही, त्याची किंमत कोणी का मोजावी?

हा फरक कसा पुसला जातो हे समजायचे तर आधी मागाकडे जावे लागेल. पैठणीची ख्याती ज्या धूपछांव रंगासाठी आहे, तो रंग कोणत्याही कढईत तयार होत नाही. ताण्याचे धागे एका रंगाचे आणि बाण्याचे दुसऱ्या, एवढीच त्याची कृती. ताणा राणी रंगाचा आणि बाणा मोरपिशी असेल तर लांबून साडी वांगी दिसते. पण साडीत वांगी रंगाचा एकही धागा नसतो. रेशमाचा धागा गुळगुळीत आणि चकचकीत, म्हणून उजेड त्याच्या लांबीला आडवा पडला की तो सर्वाधिक चमकतो. उभ्या धाग्यावर बाजूने उजेड आला की उभा धागा बोलतो, वरून आला की आडवा. म्हणून तीच साडी, त्याच खोलीत, नुसती वळवली तरी राणीकडून मोरपिशीकडे सरकते.

नेसल्यावर तर हा खेळ आणखी रंगतो. साडी कमरेभोवती गुंडाळली जाते तेव्हा तिचा ताणा जमिनीला समांतर होतो. तीच साडी खांद्यावरून खाली सोडली की ताणा उभा होतो. एकाच उजेडात उभ्या असलेल्या बाईच्या निऱ्या एका रंगाकडे झुकतात आणि खांद्यावरचा भाग दुसऱ्या. हा दोष नाही. याच्यासाठीच तर पैसे मोजायचे असतात.

आता हीच साडी कॅटलॉगच्या स्टुडिओत कशी जाते ते पाहू. एका दिवसात शेकडो नग उरकायचे असतात, त्यामुळे दिवे एकदा लावले की हलत नाहीत. दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांवर दोन मोठे सॉफ्टबॉक्स, मागे पांढरा पडदा, कदाचित समोरून आणखी एक भरावाचा दिवा. या मांडणीचा हेतूच सावली मारणे हा आहे. सगळीकडून सारखा उजेड आला की उभा-आडवा धागा सारखाच उजळतो, आणि दोन रंगांचा संवाद संपून एक सपाट सरासरी उरते. धूपछांव गेली. साडीला अजून कोणी हातही लावलेला नाही, नुसते दिवे लागलेत.

मग कॅमेरा. बहुतेक ठिकाणी व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वर असतो. या सोयीमागचे गृहीत असे, की चौकटीतले सगळे रंग मिळून साधारण राखाडी व्हायला हवेत. पण चौकट वांगी साडीने भरलेली असेल तर कॅमेऱ्याला वाटते की उजेडच जांभळा आहे, आणि तो इमाने इतबारे जांभळेपणा कापून हिरवट झाक मिसळतो. साडी मळकट दिसू लागते आणि मॉडेलचा चेहरा आजारी. फोटो सुधारणाऱ्याच्या टेबलावर ही फाइल आली की त्याची नजर आधी चेहऱ्यावर जाते, कारण चेहरा बिघडला की कोणालाही कळते. तो संपूर्ण चित्रात ऊब आणि गुलाबीपणा वाढवतो. चेहरा टवटवीत होतो, पण साडी वांगीवरून राणीच्या दिशेने घसरते. शेवटी 'उठाव येत नाही' म्हणून सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढली जाते. या साखळीत कोणीही ठरवून खोटे बोललेले नाही. तरीही ग्राहकाच्या घरी जे खोके उघडते, त्यातली साडी फोटोतल्या साडीची चुलतबहीणही वाटत नाही.

यावरचा उपाय काही शे रुपयांचा आहे. त्याला ग्रे कार्ड म्हणतात: साधारण अठरा टक्के उजेड परतवणारा, कोणत्याच रंगाकडे न झुकणारा राखाडी पुठ्ठा. साडीच्या जागी, साडीच्याच प्रतलात, त्याच दिव्यांखाली तो धरायचा, पहिला फोटो त्याचा घ्यायचा आणि त्यावरून कॅमेऱ्याला सांगायचे की राखाडी म्हणजे हे. त्यानंतर व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर दोन्ही हाताने पक्के करायचे. दिवे बदलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पुठ्ठ्याऐवजी साधा पांढरा कागद चालेल असे अनेकांना वाटते. तो चालत नाही, कारण कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात निळसर चमक देणारी रसायने असतात आणि कॅमेरा तिथेच फसतो. शुभ्र सुती कपड्यांचेही तेच. म्हणून पांढरा कुर्ता फ्लॅशखाली निळसर आणि घरच्या पिवळ्या दिव्याखाली दुधी दिसतो.

दिव्याबद्दल एक गोष्ट विशेष सांगायला हवी, कारण आपल्याकडच्या कपड्यांना ती फार भोवते. एलईडी विकत घेताना खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा पाहतात. नव्वदच्या पुढे असला की समाधान मानतात. हा आकडा आठ फिक्या नमुना-रंगांची सरासरी असतो. त्या आठांत गडद लाल नाही. गडद लालचा हिशेब आर-नाइन या वेगळ्या आकड्यात असतो, आणि तो पुष्कळदा खोक्यावर छापलेलाच नसतो. परिणामी सीआरआय उत्तम असलेल्या दिव्याखालीही कुंकवाचा लाल विटकरी दिसू शकतो आणि मरून तपकिरी. लग्नाच्या साडीत लाल नसतो असे घर महाराष्ट्रात शोधावे लागेल. तरी दिवा घेताना आर-नाइन विचारणारे दुकानदार आम्हाला क्वचितच भेटले. ज्याला महागडे दिवे परवडत नाहीत त्याने ओसरीत, थेट ऊन नसलेल्या सावलीत, सकाळी फोटो काढावा. तो उजेड फुकट आहे आणि बहुतेक स्वस्त दिव्यांपेक्षा सच्चा आहे. फक्त घरातली ट्यूब बंद करावी. दोन जातींचे उजेड मिसळले की ग्रे कार्डही कामाचे राहत नाही.

पडद्याची अडचण मात्र खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. वेबवरची चित्रे सहसा ज्या रंगपद्धतीत ठेवली जातात, त्या एसआरजीबीच्या कुंपणात चटकदार राणी आणि गडद मोरपिशी पूर्ण मावत नाहीत. कुंपणाबाहेरचा रंग बळेच आत कोंबला की लाल, हिरवी किंवा निळी पातळी मर्यादेला टेकते, आणि तिथून पुढच्या सगळ्या छटा एकच होतात. कसे ओळखाल? निऱ्यांच्या घड्या पाहा. रंग झगझगीत आहे, पण घडीचा चढ आणि उतार यांत फरकच दिसत नाही, जणू रंगीत कागद कापून चिकटवला आहे, असे दिसले की रंग मर्यादेवर आदळलाय. प्रामाणिक छायाचित्रकार अशा वेळी रंग थोडा शांत ठेवतो, घड्या वाचवतो आणि वर्णनात लिहितो की प्रत्यक्ष साडी फोटोपेक्षा थोडी अधिक तेजदार आहे, राणीकडे झुकणारी. कोणता रंग, कोणत्या दिशेने, किती वेगळा, हे सांगणारी सूचना ग्राहकाच्या कामाची. 'थोडा फरक पडू शकतो' ही सूचना कोणाच्याच कामाची नाही. ती फक्त वकिलाच्या कामाची.

चूक आणि लबाडी यांच्यामध्ये कुंपण असते. ते ओलांडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एका साडीचा फोटो काढून बाकीच्या सात रंगांच्या साड्या संगणकात रंगवणे. आठ साड्या नेसवायच्या, आठ वेळा निऱ्या घालायच्या, त्यापेक्षा हे स्वस्त. अशा चित्रांत आठही मॉडेलची मान त्याच कोनात आणि आठही साड्यांवर घडी न् घडी तीच असते. त्याहून बारकाईने पाहायचे तर मॉडेलचे मनगट आणि हनुवटीखालची त्वचा पाहावी. गडद कपडा आपला रंग जवळच्या त्वचेवर फेकतो. साडी हिरवी आणि मनगटाच्या आतल्या बाजूला गुलाबी झाक असेल, तर ती साडी फोटो काढताना गुलाबी होती. धूपछांव साडीत तर ही रंगबदली सरळ खोटी ठरते. संगणक ताणा आणि बाणा एकाच हिशेबाने फिरवतो आणि असा रंगजोड निर्माण करतो, जो कोणत्याही मागावर बसवलेलाच नाही. ती साडी ग्राहकाने मागवली तर पाठवायचे काय? मग जवळपासचे काहीतरी पाठवले जाते आणि बारीक अक्षरांतले वाक्य पुढे केले जाते.

पोताची गत रंगापेक्षा वाईट आहे. रंग चुकला तर ग्राहकाला निदान कळते. पोत पुसला गेला तर काय गमावले हेही कळत नाही. कापडाचा पोत म्हणजे धाग्यांचे बारीक डोंगर-दऱ्या, आणि त्या दिसायच्या तर सावली हवी. दिवा कापडाच्या पातळीशी वीसेक अंशांवर, जवळजवळ घासून जाईल असा ठेवला की टसरची गाठ, सुती धाग्याची जाडी-बारीकी, जरीची उचल सगळे उठून येते. समोरून मऊ उजेड टाकला की टसर, सुती आणि पॉलिस्टर एका माळेचे मणी होतात. रेशमाला मात्र नुसता घासता उजेड पुरत नाही, त्याची झळाळीही दिसावी लागते. म्हणून एका चित्रात सगळे कोंबण्याचा हट्ट सोडावा. एक फोटो घासत्या उजेडाचा, एक घडी घालून समोरच्या उजेडाचा, आणि धूपछांव असेल तर कापड हातात धरून हळूहळू वळवणारी आठ-दहा सेकंदांची चित्रफीत. त्या आठ सेकंदांत जे कळते ते आठ फोटोंत कळत नाही.

जवळच्या फोटोत फूटपट्टी ठेवावी, ही आमची आग्रहाची सूचना आहे. दिसायला गावठी वाटेल, वाटू द्या. पट्टी नसेल तर बुट्टी बोराएवढी की सुपारीएवढी हे समजत नाही आणि धागा किती बारीक तेही. पातळ सुती कापडाच्या एका पदराखाली हात ठेवून फोटो काढला की ते किती आरपार दिसते याचे उत्तर मिळते. कुर्ता घेणारी प्रत्येक मुलगी हा प्रश्न मनात विचारते, आणि उत्तर जवळपास कुठेच दिलेले नसते.

फोनने फोटो काढणाऱ्यांसाठी इथे एक खड्डा आहे. आजचे फोन अंधुक उजेडात येणारे दाणे पुसण्यासाठी चित्र आपोआप गुळगुळीत करतात. त्यांना दाणा आणि धागा यांतला फरक कळत नाही. हातमागाचे कापड फोनमध्ये छापील दिसते ते त्यामुळे. उजेड भरपूर ठेवला तर ही पुसापुशी कमी होते. त्याउलट बारीक रेघांच्या कापडावर कधीकधी इंद्रधनुषी लाटा उमटतात. धाग्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर आदळल्याची ती खूण. कापडात तसले काही नसते. खणावर आणि बारीक चौकडीवर हे हमखास होते. बरेच जण त्या लाटा संगणकात धूसर करून घालवतात आणि त्याबरोबर विणही घालवतात. अर्धे पाऊल पुढे-मागे सरकून किंवा कापड किंचित तिरपे करून पुन्हा फोटो घेतला तर लाटा आपोआप जातात.

पण पैठणीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा फोटो कोणता, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर एकच: उलट्या बाजूचा. पारंपरिक पैठणीच्या काठात आणि पदरात प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या छोट्या कांडीवरून, आपापल्या जागेपुरता विणला जातो आणि शेजारच्या रंगाशी गुंतवला जातो. त्यामुळे मोर असो की मुनिया, नक्षी सुलट आणि उलट बाजूने जवळपास सारखीच दिसते. जेकार्डवर नक्षी काढली की नको असलेला रंग मागच्या बाजूने तरंगत जातो. मागे लोंबते धागे दिसतात किंवा ते कापल्याची लव. इथे एक न्याय्य खुलासा करायला हवा. मागे तरंगते धागे दिसले म्हणजे साडी यंत्रमागाचीच, असे नव्हे. हातमागावरही जेकार्ड बसवतात आणि त्या साडीलाही स्वतःचे कष्ट आणि स्वतःची किंमत आहे. मात्र ती किंमत वेगळी आहे, आणि ती वेगळी का हे सांगणारा पुरावा उलट्या बाजूलाच असतो. एवढा साधा पुरावा असताना कॅटलॉगच्या पाच-सहा चित्रांत तो एकदाही का नसावा? मॉडेल समोरून, मॉडेल बाजूने, मॉडेल हसताना, मॉडेल झोपाळ्यावर. उलटी बाजू मात्र नाही. अस्सल माल विकणाराही ती दाखवत नाही, कारण ठराविक फोटोंच्या यादीत ती बसत नाही. नक्कल विकणाऱ्याला हेच हवे असते.

रेशमाच्या शुद्धतेसाठी सिल्क मार्क आहे, हातमागासाठी हँडलूम मार्क आहे, असे यावर सांगितले जाते. दोन्ही उपयोगी आहेत. पण सिल्क मार्क धागा रेशमाचा आहे एवढेच सांगतो, साडी कोणत्या मागावर झाली ते नाही. शिवाय त्या चिठ्ठीचा फोटो एकदा काढून शंभर साड्यांखाली चिकटवता येतो. चिठ्ठी त्याच साडीच्या काठाला धरलेली दिसली तरच तिला अर्थ.

आता बसण्याबद्दल, म्हणजे कपडा अंगावर कसा बसतो त्याबद्दल. साडीला मापाचा प्रश्न नाही असे म्हणण्याचे दिवस गेले. शिवलेली नऊवारी आज ऑनलाइन धडाक्यात विकली जाते. गणपतीत, मंगळागौरीला, लग्नात मुली ती पँटीसारखी चढवतात. एक उदाहरण मनात धरू. कंबर बत्तीस इंच, उंची पाच फूट दोन इंच असलेली मुलगी 'मीडियम' मागवते. फोटोतली मॉडेल पाच फूट आठची, कंबर सव्वीसची. तिच्या अंगावर तोच मीडियम ढगळ झाला असणार, म्हणून मागे कासोट्याच्या घड्यांत दोन चिमटे लावून तो आवळला. समोरून घेतलेल्या फोटोत चिमटे दिसत नाहीत, चापूनचोपून बसलेली नऊवारी दिसते. इकडे मुलीच्या घरी नऊवारी कमरेला बसते, पण मांड्यांच्या मधला भाग उंच बाईच्या बेताने शिवलेला असल्याने खाली लोंबतो, आणि पाऊल टाकताना निऱ्या टाचेखाली येतात. नऊवारीची खरी अडचण कमरेला नसतेच. कमरेला नाडी असते. अडचण असते ती कंबर ते घोटा या लांबीत आणि दोन पायांच्या मधल्या कापडात. नेमकी हीच मापे तक्त्यात नसतात. तिथे स्मॉल, मीडियम, लार्ज एवढेच.

चिमटे लावणे हा गुन्हा नाही. पुतळ्यावरही टाचण्या लागतातच. पण चिमटा लावला असेल तर तसे लिहा, आणि एक फोटो मागून, चिमट्याशिवाय द्या. मॉडेलची उंची, कंबर, नितंब आणि तिने घातलेला साइझ या चार गोष्टी फोटोखाली हव्यात. त्याबरोबर कपडा सपाट टेबलावर पसरून मोजलेली मापे हवीत. अंगाचे माप आणि कपड्याचे माप यांत गल्लत होते ती दोन्ही वेगळी न लिहिल्यामुळे. नऊवारीसाठी बसलेल्या स्थितीतला एक फोटो सक्तीचा करावा असे आमचे मत आहे. मंगळागौर खेळायची असेल तर उभे राहून कोणाचे भागणार?

कंबर संगणकात आत ओढली असेल तर काठ पाहावा. माणसाची कंबर आत ओढता येते, पण तिच्याजवळून जाणारी जरीची सरळ रेघही त्याबरोबर वाकते. काठ कमरेपाशी कारण नसताना लाटेसारखा हलला किंवा मागची भिंत वाकली, की काय घडले ते समजावे. कडक खळ दिलेल्या साडीचा फोटोही अर्धाच खरा असतो. पहिल्या धुण्यानंतर तिच्या निऱ्या तशा उभ्या राहत नाहीत. सुती साडी विकणाऱ्याने एकदा धुतलेल्या साडीचा एक फोटो दिला तर परत येणारी निम्मी भांडणे टळतील.

हे सगळे विक्रेत्याच्या सद्बुद्धीवर सोडायचे का? कायदा तसे म्हणत नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली जाहिरातीची व्याख्या इंटरनेटवरच्या दृश्य मांडणीलाही लागू होते. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी सुसंगत ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि दाखवलेल्या गुणधर्मांची वस्तू नसेल तर ती परत घ्यायला तो नकार देऊ शकत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी 2022 साली आलेली मार्गदर्शक तत्त्वे आणखी पुढे जातात. खुलाशाची तळटीप दाव्याचा विस्तार करू शकते, अर्थ स्पष्ट करू शकते. पण मूळ दाव्याला छेद देऊ शकत नाही आणि दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करण्यासाठी वापरता येत नाही. ही तरतूद बारीक अक्षरांतल्या त्या वाक्यासमोर ठेवून पाहा. फोटो हा दावा आहे. संगणकात रंगवलेली साडी दाखवून खाली 'थोडा फरक' लिहिणे म्हणजे खोट्या दाव्याला तळटीपेने सावरणे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड करता येतो, पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत. कपड्यांच्या फोटोंकडे या नजरेने पाहण्याची वेळ आली आहे. गोरे करणाऱ्या मलमाची जाहिरात तपासता येते, तर गुलाबी केलेल्या साडीची का नाही?

यावर विक्रेत्यांचे एक म्हणणे ऐकण्यासारखे आहे. सगळे रंगवत असताना एकट्यानेच सच्चा फोटो टाकला तर तो फिका दिसतो आणि साडी विकली जात नाही. हे खरे आहे. विणकराने घरातून, मागाशेजारी काढलेला फोटो कित्येकदा पोताच्या बाबतीत अधिक प्रामाणिक असतो, पण रांगेत तो दहाव्या ठिकाणी बसतो. म्हणूनच ही जबाबदारी एकेकट्या दुकानदारावर न टाकता बाजार भरवणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांवर टाकायला हवी. माल चढवताना ते आज पांढरी पार्श्वभूमी सक्तीची करू शकतात, चित्राची रुंदी मोजून नाकारू शकतात. मग 'हातमाग' किंवा 'पैठणी' हा शब्द शीर्षकात असेल तेव्हा उलट्या बाजूचा आणि पट्टीसह जवळचा फोटो असल्याशिवाय नग स्वीकारायचा नाही, एवढा नियम त्यांना जड नाही. संगणकात रंग बदललेल्या चित्रावर, चित्रातच, तसे लिहिलेले असावे. भौगोलिक मानांकन लाभलेल्या पैठणीचे नाव वापरताना तरी हे झालेच पाहिजे.

हे न केल्याची किंमत कोण देते, तेही पाहावे. परत आलेल्या साडीचे दोन्ही बाजूंचे भाडे मोठा व्यापारी शंभर नगांवर पसरवतो. येवल्यातला विणकर महिन्याला एक-दोन साड्या विणत असेल तर एक परतावा त्याची महिन्याची कमाई अडकवून ठेवतो. घडी मोडलेली, अंगाला लावून पाहिलेली रेशमी साडी पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही. दोनदा असे झाले की तो ऑनलाइनचा नाद सोडतो आणि व्यापारी देईल त्या भावाला माल देऊन मोकळा होतो. हातमाग सोडण्याची कारणे आधीच कमी नाहीत.

फोटोला मर्यादा आहेत, त्याही मान्य करू. साडीचे वजन, हातात घेतल्यावरचा गारवा, घडी उलगडतानाचा आवाज पडद्यावर येणार नाही. वजन मात्र ग्रॅममध्ये लिहिता येते. ते लिहावे, कारण जरी किती आणि कापड किती दाट याचा पहिला अंदाज त्यातूनच येतो. आणि ज्याला पंचवीस हजारांची साडी न पाहता विकायची आहे, त्याने मागावर उरलेले ताण्याचे आणि बाण्याचे चार-चार इंचांचे तुकडे पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवून ग्राहकाला आधी पाठवावेत. त्यावर दोन्ही रंगांची नावे आणि साडीचा क्रमांक लिहावा. धागे फुकट आहेत आणि पाकिटाला टपालखर्च फारसा लागत नाही.